संक्रांतीनंतरच्या दौडीसाठी नागभीडच्या बाजारपेठेला पत्र

धावक मंडळ, नागभीड
जि. चंद्रपूर
दिनांक : २० नोव्हेंबर २०२६

प्रति,
नागभीड व परिसरातील सर्व व्यापारी, राईस मिलमालक, कृषी केंद्रचालक, मेडिकल व्यावसायिक आणि पतसंस्थांचे पदाधिकारी

विषय : सिकलसेल रुग्णांच्या मदतीसाठी दौड : प्रायोजकत्वाची विनंती

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

गणपती झाले, शारदा-दुर्गा झाल्या, आता मंडईचा आणि नाटकांचा हंगाम सुरू आहे. पावतीपुस्तक घेऊन दुकानाची पायरी चढणाऱ्या पोरांना पाहून तुमच्या मनात काय येत असेल, याची आम्हाला कल्पना आहे. म्हणून पोरांना पाठवण्याआधी हे पत्र पाठवत आहोत. निवांत वाचा, मग ठरवा.

रविवार, १७ जानेवारी २०२७ रोजी, म्हणजे संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, नागभीडमध्ये १० किलोमीटर, ५ किलोमीटर आणि शाळकरी मुलांसाठी ३ किलोमीटर अशी दौड घेत आहोत. मोठ्या दोन गटांची प्रवेश फी २०० रुपये आहे, मुलांना फी नाही. जमलेली सगळी फी आपल्या तालुक्यातल्या सिकलसेल रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी ठेवली जाईल. त्यातून मांडवाचा खर्चसुद्धा काढला जाणार नाही. म्हणूनच दौडीचा खर्च बाजारपेठेने उचलावा, अशी आमची विनंती आहे.

प्रवासखर्चच का, असे काहींनी विचारले. सिकलसेलची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, एसटीत सवलत आहे, २०२३ पासून केंद्र सरकारचे राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. पण हा आजार वेळ पाहून येत नाही. थंडी वाजली, ताप आला, अंगातले पाणी कमी झाले की विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत, कंबरेत, छातीत कळा सुरू होतात. रात्री दोन वाजता पोरगी पाय पोटाशी घेऊन विव्हळते आहे, आई गरम पाण्याची पिशवी धरून बसली आहे आणि बाप पिकअपवाल्याच्या दारावर थापा मारतो आहे, हे आपल्या गावखेड्यांत अनेकांनी पाहिले आहे. १०८ ची गाडी दवाखान्यात पोचवते. पुढे चंद्रपूरला हलवले, तर जवळपास शंभर किलोमीटरवर रक्ताच्या पिशवीसाठी धावणे, नातेवाइकांचे राहणे-खाणे आणि सुट्टी झाल्यावर अशक्त मूल घेऊन परत येणे, हे सगळे घरच्यांच्या खिशातून होते. रोजंदारीवर जगणाऱ्या घराची धानाच्या हंगामातली कमाई अशा एका फेरीत जाते. हा निधी तेवढ्यासाठीच आहे. पैसे रोख दिले जाणार नाहीत. गाडीवाल्याचे बिल मंडळ थेट भरेल.

दौडीच्या ठिकाणी रक्ततपासणीचा टेबलही असेल. ग्रामीण रुग्णालयाला पत्र दिले आहे, तोंडी होकार मिळाला आहे. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनी ही तपासणी करून घ्यावी, असा आमचा आग्रह राहील. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पत्रिका जुळवताना हा कागदही पाहिला, तर पुढचा मोठा त्रास टळेल.

आता मार्गाविषयी. ब्रह्मपुरी रस्त्याने पाच किलोमीटर जायचे आणि वळून परत यायचे. घोडाझरीच्या बाजूचा रस्ता दिसायला सुंदर आहे आणि फोटोही छान आले असते, पण वाघाच्या भागात चारशे माणसे पळवायची आमची हिंमत नाही. त्याच कारणाने सकाळी सातच्या आत, म्हणजे नीट उजाडल्याशिवाय, शिटी वाजणार नाही. पोलीस ठाणे आणि वनविभाग दोघांनाही कळवले आहे. सिकलसेल असलेल्या मुलांना मात्र आम्ही पहाटे बोलावणार नाही, कारण थंडी आणि दमछाक दोन्ही त्यांना बाधतात. ती नऊ वाजता, उन्हं चढल्यावर येतील आणि बक्षिसे त्यांच्या हस्ते दिली जातील.

धावणाऱ्यांत निम्म्याहून जास्त पोरेपोरी भरतीची तयारी करणारी असतील. पोलीस भरतीचे सोळाशे मीटर आणि वनरक्षकाचे पाच किलोमीटर मारून मारून यांचे पाय तयार झाले आहेत, पण छातीवर नंबर लावून पळायची संधी त्यांना मैदानी चाचणीच्या दिवसाआधी मिळत नाही. हीच मुले आणि त्यांची घरे तुमची रोजची गिऱ्हाइके आहेत.

खर्चाचा हिशेब असा आहे. टी-शर्ट ४०० नग, १५० रुपयांप्रमाणे ६०,००० रुपये. छातीवरचे नंबर आणि विजेत्यांची पदके १५,०००. रोख बक्षिसे २०,०००. पाणी, केळी आणि पोहे १२,०००. मांडव व माईक ८,०००. एकूण १,१५,००० रुपये. तीनशे जणांनी फी भरली, तर ६०,००० रुपये निधीत जातील. तुमची मदत मिळाली नाही, तर ते सगळे टी-शर्टांतच संपतील.

टी-शर्टच्या पाठीवर एकाच प्रतिष्ठानचे नाव राहील, त्यासाठी २५,००० रुपये. शेवटच्या कमानीवरही एकच नाव, तेवढ्याच रकमेत. दहा किलोमीटरच्या मार्गावर दर किलोमीटरला एक फलक लागेल, प्रत्येकाचे ५,००० रुपये. सातव्या किलोमीटरचा फलक आधी मागा, असे आम्ही सुचवू. तिथे धावणारा दमलेला असतो आणि समोर दिसेल ते मन लावून वाचतो. हे जमून एक लाख होतात. उरलेले पंधरा हजार छोट्या दुकानदारांच्या पाचशे-हजाराच्या पावत्यांतून उभे करायचे आहेत. त्या सगळ्यांची नावे मांडवातल्या एका फलकावर सारख्याच अक्षरात लिहिली जातील.

पैसेच हवेत असे नाही. मिलवाल्यांनी एचएमटीच्या एक-एक किलोच्या पिशव्या दिल्या, तर दौड पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मेडलऐवजी तांदूळ देता येईल. हा वाण याच तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधला, त्यामुळे इथल्या दौडीला याहून चांगले बक्षीस आम्हाला सुचत नाही. मेडिकलवाल्यांकडून ओआरएस आणि दुखण्याचा स्प्रे, पेट्रोल पंपाकडून रुग्णवाहिकेचे डिझेल, बिछायत केंद्राकडून मांडव, असे काहीही चालेल. वस्तूची किंमत धरून पावती मिळेल.

काही गोष्टी स्पष्ट सांगतो. खर्रा, गुटखा आणि दारूच्या धंद्याचे प्रायोजकत्व घेणार नाही. कोणत्याही पक्षाचा बॅनर लागणार नाही, आणि सत्काराची भाषणे सगळी मिळून दहा मिनिटांत संपतील. घामेजलेल्या अंगाने थंडीत भाषण ऐकणे म्हणजे शिक्षाच. आमच्या मंडळाला ८०जी ची मान्यता नाही, त्यामुळे देणगीवर करसवलत मिळणार नाही. फलकाची रक्कम जाहिरात खर्चात धरता येईल का, ते आपल्या सीएंना विचारावे.

मंडळाचे दोन कार्यकर्ते १ ते १० डिसेंबरच्या दरम्यान दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, दुकानात येतील. रोख पैसे नकोत. चेक द्या किंवा पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानावरचा क्यूआर कोड स्कॅन करा, रक्कम थेट मंडळाच्या खात्यात जमा होते. टी-शर्ट छपाईला टाकायचे असल्याने मोठ्या दोन प्रायोजकांनी १५ डिसेंबरपर्यंत नाव आणि लोगो द्यावा. दौडीनंतर पंधरा दिवसांत जमाखर्च छापून प्रत्येक प्रायोजकाला दुकानात आणून देऊ, आणि निधीतून भरलेल्या गाडीभाड्याची यादी, रुग्णांची नावे न घालता, दर तीन महिन्यांनी देऊ.

काही विचारायचे असल्यास मी रोज सकाळी साडेसहा ते आठ मैदानावर असतो. चहाच्या टपरीवर कोणालाही विचारा, दाखवतील.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सचिव
धावक मंडळ, नागभीड

ता. क. : १६ तारखेच्या रात्री आसपास कुठे नाटक असेल, तर आयोजकांनी कृपया आधी कळवावे. पहाटे पाचला नाटक सुटून घरी निघालेले प्रेक्षक आणि त्याच चौकात जमलेले धावक यांची गर्दी एकत्र झाली, तर पोलिसांची पंचाईत होईल.