आपल्या ग्रामपंचायतीचा 2022-23 चा लेखापरीक्षण अहवाल: ग्रामसभेआधी वाचायचा गोषवारा

मूळ अहवाल स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयाचा आहे. त्यातले परिच्छेद क्रमांक इथे तसेच ठेवले आहेत, म्हणजे सभेत अहवाल उघडून लगेच ताडून पाहता येईल.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या, कारण पारावरचे निम्मे वाद त्यांच्यावरूनच होतात. 'वसूलपात्र' म्हणजे जास्त दिलेली रक्कम, जी जबाबदारी ठरवून परत घ्यायची. 'आक्षेपाधीन' म्हणजे कागद अपुरे आहेत किंवा पैसा चुकीच्या खात्यातून खर्चला आहे. कागद दाखवले किंवा चूक दुरुस्त केली की आक्षेप मिटू शकतो. या दोन रकमांची बेरीज करून 'गावात सात लाखांचा घोटाळा' असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं अहवाल वाचलेला नाही. वसूलपात्र 1,39,500 रुपये आहेत आणि आक्षेपाधीन 5,94,500.

वर्षाचा हिशोब असा. सुरुवातीची शिल्लक 9.40 लाख. कर आणि पाणीपट्टीतून 21.60 लाख, पंधराव्या वित्त आयोगाचे 34.20 लाख आणि इतर 6.80 लाख जमा झाले. खर्च 58.30 लाख, अखेरची शिल्लक 13.70 लाख.

वसूलपात्र रक्कम

परिच्छेद 7, वस्तीकडे जाणारा काँक्रीट रस्ता. लांबी 150 मीटर आणि रुंदी 3 मीटर याबद्दल वाद नाही. वाद जाडीचा आहे. अंदाजपत्रकात 15 सेंटिमीटर होती, मोजमाप पुस्तिकेत 12 नोंदवली आहे, आणि बिल मात्र 15 नुसार निघालं. म्हणजे 67.5 घनमीटरचे पैसे दिले, काम झालं 54 चं. फरक 13.5 घनमीटर, दर 5,400 रुपये, जादा गेले 72,900. बिल मोजमापावरून न बनवता अंदाजपत्रकावरून उतरवलं की असंच होतं. याच बिलातून जीएसटीची 2 टक्के कपातही झालेली नाही. तो छोटा आक्षेप स्वतंत्र आहे.

परिच्छेद 9, पथदिवे. बिल 120 दिव्यांचं, साठा नोंदवहीत 84. दर 1,850 रुपये, म्हणून 36 दिव्यांचे 66,600 वसूलपात्र. दिवे खरोखर आले असतील आणि नोंद राहिली असेल, हेही शक्य आहे. त्यासाठी खांबावर जाऊन मोजणी लागेल, तोंडी खुलासा चालणार नाही.

आक्षेपाधीन रक्कम

परिच्छेद 11. 2022-23 मध्ये पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचे दोन भाग होते: 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित. बंधित पैसा पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. आपल्याकडे त्यातले 3,10,000 रुपये चौकातल्या पेव्हर ब्लॉकवर गेले. ब्लॉक जागेवर आहेत, कुणी पैसे खाल्ले असं अहवाल म्हणत नाही. पण पाण्याच्या कामाचा तेवढा निधी कमी झाला, आणि तो आता दुसऱ्या पैशातून भरून काढावा लागेल.

परिच्छेद 12. विहिरीवरच्या पंपाची दुरुस्ती आणि उन्हाळ्यातले टँकर मिळून 2,84,500 रुपयांची प्रमाणकं, म्हणजे खर्चाचे पुरावे असलेले कागद, लेखापरीक्षकांना मिळाली नाहीत. टँकरच्या फेऱ्यांची वही, पावत्या आणि पैसे बँकेतून गेल्याची नोंद एवढं सादर केलं, तर आक्षेप वगळला जाऊ शकतो.

बाकीचे आक्षेप

कर आणि पाणीपट्टीची मागणी थकबाकीसह 31.20 लाख, वसूल 21.60 लाख, म्हणजे सुमारे 69 टक्के. येणं 9.60 लाख. नमुना 9, म्हणजे कराची मागणी नोंदवही, त्यातल्या थकबाकीत घरांबरोबर द्राक्षांची पॅकहाऊसंही आहेत. नावं इथे देत नाही. सभेत मागणी नोंदवही मागा.

स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्चायचे असतात. ते 2.16 लाख होतात, खर्चले 70 हजार, 1.46 लाख राहिले. दिव्यांगांचे 5 टक्के, 1.08 लाख, पूर्ण खर्च झाले आहेत.

सभेत काय विचारायचं

'पैसे कुठे गेले?' असं विचारलं तर भाषण ऐकायला मिळतं. कागद मागा. परिच्छेद 7 साठी मोजमाप पुस्तिका आणि बिल शेजारी-शेजारी ठेवायला सांगा. 9 साठी साठा नोंदवही आणि खांबनिहाय यादी. 12 साठी प्रमाणकांची फाईल. प्रत्येक परिच्छेदाचं अनुपालन, म्हणजे आक्षेपाला लेखी उत्तर, पाठवलं का, आणि कोणत्या तारखेला, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पाठवलं असेल तर जावक क्रमांक असणारच.

कागद सभेत मिळाले नाहीत, तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात 'सर्व माहिती द्या' असं लिहू नका. वर्ष, परिच्छेद क्रमांक आणि कागदाचं नाव लिहा. वित्त आयोगाच्या खर्चाच्या नोंदी egramswaraj.gov.in वरही दिसतात. सभेला येण्याआधी त्या मोबाईलवर पाहून घ्या.