गुहागरच्या घरी तुमचं स्वागत

नमस्कार,

प्रवासाने अंग आंबलं असेल. चिपळूणहून निघाल्यावरचा घाट-वळणांचा रस्ता लहान मुलांना हटकून लागतो, म्हणून टेबलावर कोकम सरबत झाकून ठेवलंय. आधी ते घ्या, पाय धुवा, थोडं आडवं व्हा. हा कागद नंतर वाचलात तरी चालेल, फक्त समुद्राबद्दल लिहिलंय तेवढं पाण्यात उतरण्याआधी नक्की वाचा.

हे आमचं राहतं घर आहे. पुढच्या ओटीवर आई बसलेल्या असतात. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि ऐकू थोडं कमी येतं, पण तुम्ही कुठले, कुणाचे, हे विचारल्याशिवाय राहणार नाहीत. दोन मिनिटं त्यांच्याजवळ बसलात तर त्यांचा दिवस चांगला जातो. अण्णा सकाळी सहापासून वाडीत असतात. मी बहुतेक वेळ स्वयंपाकघरात. काहीही लागलं तर सरळ मागच्या दारातून हाक मारा, संकोच करू नका. माझा आणि अण्णांचा नंबर तुमच्या बुकिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये आहे.

खोली आणि घर

तुमची खोली माडीवरची, दोन खिडक्यांची. पश्चिमेची खिडकी वाडीकडे उघडते आणि रात्री तिथून समुद्राची गाज ऐकू येते. संध्याकाळी साडेसहाला मात्र दोन्ही खिडक्यांच्या जाळ्या लावून घ्या, नाहीतर डास रात्रभर झोपू देणार नाहीत. मच्छरदाणी कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. जिना जुन्या सागवानाचा आणि उभा आहे. उतरताना दोरीला धरा, लहान मुलांना एकटं सोडू नका.

भिंती जांभ्या दगडाच्या आहेत, त्यामुळे आत मोबाइलची रेंज कमी येते. विहिरीच्या कट्ट्यावर चांगली मिळते. वायफाय माडीवर आणि ओटीवर चालतं:

नेटवर्क: `Vaadi_Maadi`
पासवर्ड: `naral-supari-24`

पुढचं अंगण दिवाळीच्या सुमारास शेणाने सारवून घेतो आणि पावसाळ्यापर्यंत ते जपतो. टाचेच्या चपलांनी त्याचे पापुद्रे निघतात. चपला पायरीखाली काढा. गाडी गेटच्या आत डाव्या हाताला, पत्र्याखालीच लावा. उजवीकडे सावली छान दिसते, पण ती माडाची सावली आहे. नारळ पडायला वेळकाळ लागत नाही. एका पाहुण्यांच्या गाडीची काच अशीच फुटली आणि आम्हाला फार वाईट वाटलं.

पाणी आणि वीज

घरात सगळं पाणी आमच्या विहिरीचं. प्यायचं पाणी उकळून, गाळून तांब्याच्या हंड्यात भरलेलं असतं. तेच प्या, नळाचं पिऊ नका. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचा तळ दिसायला लागतो. त्याच दिवसांत वाडीला शिंपणं करावं लागतं, कारण सुपारीला पाणी चुकलं की झाडाचं वर्षभराचं नुकसान होतं. त्या दोन महिन्यांत अंघोळीला बादली-तांब्या वापरलात तर आमच्यावर उपकार होतील.

गरम पाणी सकाळी सहा ते नऊ, बंबावर. बंब न्हाणीघराबाहेर आहे आणि तो अण्णाच पेटवतात. तुम्ही फक्त बादली न्या. नऊनंतर लागलं तर सांगा, गॅसवर तापवून देईन.

पावसाळ्यात आणि वळवाच्या दिवसांत वीज जाते, कधी तासभर, कधी रात्रभर. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात. इस्त्री, केस वाळवायचं यंत्र किंवा चहाची किटली त्यावर लावू नका, सगळं घर अंधारात जाईल. बॅटरी आणि मेणबत्ती पलंगाशेजारच्या खणात आहेत.

जेवणखाण

न्याहारी साडेआठला. घावन आणि नारळाची चटणी, आंबोळ्या, कधी गूळ घालून केलेले तांदळाचे सांदण. दुपारचं जेवण एक वाजता, रात्रीचं साडेआठला. दुपारी जेवणार असाल तर सकाळी दहापर्यंत सांगा. एका जेवणाचे 250 रुपये, दहा वर्षांखालच्या मुलांचे 150. न्याहारी आणि दोन वेळचा चहा खोलीच्या भाड्यातच आहे.

आमच्या स्वयंपाकघरात शाकाहारीच होतं. कुळथाचं पिठलं, बिरड्याची उसळ, केळफुलाची भाजी, फणस धरला की कुयरीची भाजी आणि रोज सोलकढी. ज्यांना मासे हवेत त्यांच्यासाठी शेजारच्या वहिनी घरचा डबा करून देतात आणि तो तुम्ही मागच्या पडवीत बसून खाऊ शकता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताज्या सुरमईचा आग्रह धरू नका. मिळालीच तर ती बर्फातली असणार.

उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगा. आंबेमोहोराची पिठी घरची आहे, पण नारळ खवायचा, सारण करायचं, उकड गरम असतानाच मळायची, आणि माझ्या हातून एका मोदकाला नीट पंधरा-सोळा कळ्या पडल्याशिवाय माझं समाधान होत नाही. कुणाला शिकायचं असेल तर स्वयंपाकघरात या, पाट टाकून देते.

समुद्र

मागच्या दारातून निघालात की वाडी, वाडीपलीकडे सुरूचं बन आणि त्यापुढे पुळण. चालत सहा-सात मिनिटं. किनारा इतका सरळ आणि शांत दिसतो की माणूस बेसावध होतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

जून ते सप्टेंबर पाण्यात अजिबात उतरायचं नाही. पाऊस नसला आणि ऊन पडलेलं असलं तरीही नाही. बाकीचे महिनेसुद्धा गुडघ्याच्या वर जाऊ नका, ओहोटी लागली असताना आत जाऊ नका आणि अंधार पडल्यावर पाण्याकडे फिरकू नका. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे उतरलेल्या एका कुटुंबातला वीस वर्षांचा मुलगा जूनच्या पहिल्या आठवड्यात गुडघाभर पाण्यात उभा होता. पायाखालची वाळू सरकली आणि तो ओढला गेला. कोळीवाड्यातल्या दोघांनी दोर टाकून त्याला बाहेर काढलं. तो वाचला. त्याची आई आमच्या ओटीवर रात्रभर थरथरत बसली होती, ते मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून मी प्रत्येक पाहुण्याला तोंडानेही हे सांगते. राग मानू नका.

ओढले गेलातच तर किनाऱ्याच्या दिशेने ओढीशी झुंजू नका. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत निघा, ओढीचा पट्टा अरुंद असतो.

भरती कधी, हे विचारण्याची गरज पडू नये म्हणून आमच्याकडचा जुना हिशेब देते. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला आणि अमावस्येला बाराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी पार सुरूच्या बनापर्यंत चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा समुद्र त्या मानाने मऊ. आजची तिथी ओटीवरच्या कॅलेंडरवर आहे.

थंडीत आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. ती अंडी कुंपणाआड जपतात आणि साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात. पिल्लं सोडणार असतील तर अण्णांना आदल्या रात्री कळतं, ते तुम्हाला उठवतील. पिल्लू तळहातावर मावेल एवढं. पुळणीवर चार पावलं टाकतं, थांबतं, मान वर करतं आणि पुन्हा निघतं. त्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही, उचलायचं नाही, फ्लॅश आणि बॅटरी लावायची नाही. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राचा रस्ता चुकतात.

आसपास

व्याडेश्वराचं देऊळ बाजारात, चालत दहा मिनिटं. सकाळी लवकर जा, आवार शांत असतं. हेदवीला दशभुजा लक्ष्मीगणेश आहे आणि खाली समुद्राकाठी बामणघळ. तिथे खडकाच्या अरुंद चिरेत लाट शिरली की पाणी उंच उडतं. ते भरतीच्या वेळीच दिसतं, म्हणून वरचा हिशेब करून निघा आणि ओल्या खडकावर पुढे जाऊ नका. हेदवीच्या वाटेवर वेळणेश्वर लागतं, दोन्ही एका दिवसात होतात. अंजनवेलला गोपाळगड आणि टाळकेश्वराजवळचं दीपगृह. माझ्या मते संध्याकाळ घालवायला याहून चांगली जागा जवळपास नाही.

दापोलीकडे जायचं तर धोपावेहून दाभोळची फेरीबोट घ्या, गणपतीपुळ्याकडे जायचं तर तवसाळहून जयगडची. गाडी बोटीवर चढते, रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. शेवटची फेरी कधीची, ते निघण्याआधी अण्णांना फोन करून विचारायला सांगा.

जपायच्या गोष्टी

रात्री वाडीत किंवा पाखाडीवर जाताना पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच. या भागात फुरसं आढळतं. ते लहान असतं आणि पाचोळ्यात दिसत नाही. गडग्याच्या दगडांत हात घालू नका. साप चावल्याची शंका जरी आली तरी मला उठवा, कितीही वाजले असोत. जखम कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट आवळायची नाही. चालायचं नाही, हातपाय हलवायचे नाहीत. गाडी काढून थेट ग्रामीण रुग्णालयात जायचं. रुग्णवाहिका 108, पोलीस व इतर तातडीसाठी 112. प्रथमोपचाराची पेटी जिन्याखाली आहे.

पावसात पाखाडीच्या दगडांवर शेवाळ धरतं. कडेकडेने चाला.

ओला कचरा हिरव्या बादलीत, तो वाडीत खताला जातो. प्लास्टिक निळ्या बादलीत. पाण्याच्या बाटल्या विकत आणू नका, हंड्यातलं पाणी बाटलीत भरून न्या. संडासात कागद किंवा पॅड टाकू नका, कागदी पिशव्या खिडकीत ठेवल्या आहेत. घरात आणि वाडीत दारू-सिगारेट नको. सुरूच्या बनात पडलेला पाला वाळलेला असतो, एक ठिणगी पुरते. रात्री दहानंतर आवाज बेताचा ठेवा, आईंची झोप हलकी आहे.

निघताना

खोली सकाळी दहापर्यंत रिकामी करायची असते. त्या दिवशी दुसरे पाहुणे नसतील तर दुपारी जेवून निघा, त्याचं जादा भाडं घेत नाही. पैसे रोख किंवा यूपीआयने, कोड ओटीवरच्या आरशाशेजारी आहे. गौरी-गणपतीत घर आमच्या माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा खोल्या देत नाही. शिमग्यात मात्र या, पालखी दारात येते.

किल्ली दाराआडच्या खुंटीवर ठेवा. आईंना सांगून निघा. त्यांनी तुमच्यासाठी दोन सोललेले नारळ आणि आमसुलांची पुडी बाजूला काढून ठेवलेली असते.

काकू