विषय: डिझर्टेशनच्या ड्राफ्टसाठी ३० एप्रिलऐवजी ९ जूनपर्यंत मुदत मिळावी (आजारपण – कावीळ)

नमस्कार मॅडम,

मी स्नेहल, एम.टेक. स्ट्रक्चर्स, दुसरं वर्ष, उसाच्या चिपाडाची राख घातलेल्या काँक्रीटवर काम करणारी. मुद्द्याचं आधी लिहिते. ३० एप्रिलला तुमच्याकडे द्यायचा ड्राफ्ट मला त्या तारखेला देता येणार नाही. त्यासाठी ९ जूनपर्यंत आणि १५ मेच्या अंतिम सबमिशनसाठी २० जूनपर्यंत मुदत मिळावी, अशी विनंती आहे. विभागप्रमुखांच्या नावाचा इंग्रजी अर्ज, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि रक्ताचे दोन रिपोर्ट सोबत जोडले आहेत. अर्जावर तुमची शिफारस लागेल.

तुम्हाला हे सगळं इतक्या उशिरा कळतंय, याबद्दल आधी माफी मागते. १० तारखेच्या मीटिंगला मी आले नाही. तुमचे दोन मिस्ड कॉल मी नंतर पाहिले. फोन तेव्हा धाकट्या भावाकडे होता आणि त्याने तुम्हाला "ताई आजारी आहे" एवढाच मेसेज केला होता. वाचणाऱ्याला तो सर्दी-खोकल्यासारखा वाटला असणार.

झालं असं, की ३ एप्रिलच्या रात्री ताप आला. आदल्याच दिवशी पहिल्या तीन मिक्सचे २८ दिवसांचे क्यूब फोडले होते, त्यामुळे दमणूक झाली असेल असं समजून पॅरासिटामॉल घेऊन झोपले. पुढचे तीन दिवस अन्नाचा वाससुद्धा नको वाटत होता. ७ तारखेला हॉस्टेलच्या मैत्रिणीने खिडकीपाशी नेऊन डोळे बघितले आणि म्हणाली, "अगं, हळद लागल्यासारखे झालेत." त्याच संध्याकाळी बाबा आले आणि ८ तारखेला मी ॲडमिट झाले. हिपॅटायटिस ए निघाला. बिलिरुबिन ९.२ आणि एसजीपीटी अकराशेच्या वर. उलट्या थांबत नव्हत्या म्हणून सलाईनवर ठेवलं, १३ तारखेला घरी सोडलं. कालच्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन ३.१ वर आलंय. डॉक्टर म्हणतात की हा आजार आपला आपण बरा होतो, पण थकवा काही आठवडे रेंगाळतो. ३ मेपर्यंत घरीच विश्रांती आणि त्यापुढेही महिनाभर वजन उचलायचं नाही, असं त्यांनी लिहून दिलंय. खरं सांगायचं तर आत्ता हा मेल मी तीन बैठकींत लिहितेय. अर्धा तास बसलं की पाठ टेकावीशी वाटते.

घरी वेगळीच गंमत चालू आहे. शेजारच्या वाडीत एक आजोबा पाला वाटून ताकातून काविळीचं औषध देतात, आई मला तिथे न्यायला निघाली होती. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं की लिव्हर आधीच सुजलंय, त्यावर कसलाही पाला नको. मग तिचा मोर्चा उसाच्या रसाकडे वळला. भेटायला येणारा प्रत्येक जण रस घेऊन येतो. ज्या चिपाडाची राख मी अख्खा फेब्रुवारी चाळत बसले, त्याच उसाचा रस आता पेल्यातून समोर येतोय. बर्फ घालू देत नाही मी, कारण हे सगळं बहुधा तसल्याच बर्फातून किंवा पाण्यातून आलं असणार.

आता कामाचं. ड्राफ्ट लिहिण्यापुरताच प्रश्न असता तर मी पंधरा दिवसच मागितले असते. अडचण क्यूबची आहे. ०, ५ आणि १० टक्के राखेचे क्यूब ५ मार्चला भरले होते आणि त्यांचे २८ दिवस २ एप्रिलला भरले, म्हणून ते वेळेवर झाले. १५ आणि २० टक्क्यांचे १२ मार्चला भरलेले. त्यांचा दिवस ९ एप्रिल. त्या दिवशी मी सलाईनला होते. लॅबमधल्या मामांनी दोनदा फोन केला होता, "ताई, तुमचे क्यूब टाकीत हायत, काढू काय?" भावाला त्यातलं काही कळलं नाही, तो म्हणाला राहू देत. त्याची चूक नाही. कोणते २८ चे आणि कोणते ५६ चे, हे मी ऑइलपेंटने लिहिलंय खरं, पण त्या खुणा माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. जाताना वही कुणाकडे तरी देऊन जायला हवी होती.

म्हणजे दोन मिक्सचा २८ दिवसांचा आकडाच नाही. आणि नेमका तोच हवा आहे. आत्तापर्यंतचे २८ दिवसांचे सरासरी आकडे असे आहेत: कंट्रोल ३८.६, ५ टक्के ३९.४, १० टक्के ४०.१ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. एम-३० साठी आपलं टार्गेट ३८.२५ होतं, म्हणजे तिन्ही पार झालेत आणि आलेख अजून वर चाललाय. तो कुठे वळतो, हाच माझ्या कामाचा प्रश्न आहे आणि वळण १५ किंवा २० वरच दिसणार. भरतानाच २० टक्क्यांचं मिक्स घट्ट झालं होतं, राख पाणी पिते तशी पीत होती आणि सुपरप्लास्टिसायझर वाढवूनही स्लम्प जेमतेम मिळाला. त्यामुळे ताकद तिथे खाली येईल असं मला वाटतं. पण वाटणं ही टेबलात भरायची गोष्ट नाही. एका मित्राने सुचवलं की ७ आणि ५६ दिवसांचे आकडे हातात असले की मधला २८ चा काढून टाक, कोण बघतंय. तुम्ही बघाल, हे एक. आणि दुसरं, ही राख सिमेंटपेक्षा सावकाश काम करते, म्हणून तर आपण ५६ दिवस ठेवले होते. मधली रेघ सरळ जाते हे मी कशाच्या जोरावर म्हणू?

म्हणून मला ते क्यूब पुन्हा भरायचे आहेत. चाळलेली राख त्याच पोत्यातली शिल्लक आहे, हवाबंद डब्यात ठेवली आहे. सिमेंट मात्र नवीन पोतं फोडावं लागेल. उघड्या पोत्याला आता दोन महिने होत आले, ते मी वापरणार नाही. सिमेंट बदललं की जुन्या कंट्रोलशी तुलना करता येणार नाही, म्हणून कंट्रोलही नव्याने भरावा लागेल. ०, १५ आणि २० टक्के, प्रत्येकी ३, असे ९ क्यूब. ४ मेला मी हॉस्टेलवर येते, ५ मेला भरते, २ जूनला २८ दिवस भरतात. त्याच दिवशी फोडून आठवडाभरात रिझल्ट आणि चर्चेचा भाग लिहिते. ९ जून ही तारीख अशी आलीय.

एक क्यूब आठ किलोचा, तो मला उचलता येणार नाही. प्रथम वर्षाच्या दोघींशी बोलून ठेवलंय. वजनं मोजणं, मिक्सर, साचे भरणं त्या करतील. मी स्टुलावर बसून वाचून दाखवीन आणि नोंदी माझ्याच हाताने करीन. हे चालेल ना, तेवढं सांगा.

आणखी एक परवानगी हवी आहे आणि ती जरा लवकर हवी आहे. पहिल्या तीन मिक्सचे ५६ दिवस ३० एप्रिलला भरतात, मी तेव्हा घरीच असेन. तेवढे ९ क्यूब मामा आणि त्या दोघींपैकी एकीने फोडले तर चालेल का? वहीच्या पानाचा फोटो आणि कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे मी तिला आज पाठवते. टाकीतून काढल्यावर पृष्ठभागाचं पाणी पुसून ओले असतानाच घ्यायचे, भरतानाची वरची बाजू प्लेटला लावायची नाही, लोडचा वेग मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे १४० किलो ठेवायचा, हे लिहून देते. मामांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण लिहिलेलं असलेलं बरं. शक्य असल्यास त्या वेळी मला व्हिडिओ कॉलवर घ्यावं, म्हणजे फुटलेल्या क्यूबचा आकार मलाही दिसेल. १५ आणि २० टक्क्यांचे टाकीत १२ आहेत, ते मी ७ मेला स्वतः उभं राहून (म्हणजे बसूनच) ५६ दिवसांचे म्हणून फोडून घेईन. हुकलेले तीन-तीनही त्यातच जातील.

विभागाला जूनपर्यंत थांबता येणार नसेल तर माझ्याकडे दुसरा रस्ता आहे, जरा लंगडा. पाचही मिक्सची तुलना ५६ दिवसांवर करायची, २८ दिवसांचे आकडे तीनच मिक्सचे द्यायचे आणि उरलेल्या दोघांचे का नाहीत ते सरळ लिहायचं. तसं केल्यास ड्राफ्ट २० मेला देता येईल. पण आयएस ४५६ मधली ताकद २८ दिवसांवरच मोजतात, परीक्षकांचा पहिला प्रश्न तोच असेल आणि मला त्याचं उत्तर "आजारी होते" एवढंच देता येईल. तुम्ही ठरवाल तसं करू. पुढच्या सत्रावर मात्र जाऊ नये एवढी इच्छा आहे, जुलैत नोकरीवर रुजू व्हायचंय.

तोवर हात अगदी रिकामे नाहीत. पहिली तीन प्रकरणं (प्रस्तावना, आधीच्या कामाचा आढावा, साहित्य आणि पद्धत) मार्चमध्येच लिहून झाली होती, ती जोडली आहेत. आढाव्यात तुम्ही मागच्या वेळी लाल केलेली दोन पानं नव्याने लिहिली आहेत. मिक्स डिझाइनची आकडेमोडही वेगळ्या शीटमध्ये आहे. मोकळा वेळ मिळाला तर तेवढं बघून ठेवाल का? घाई नाही.

फोनवर बोलायचं असल्यास सकाळी अकरा ते एकमध्ये मी बरी असते, दुपारनंतर झोप लागते. फोन आता माझ्याजवळच आहे. ३० तारखेच्या क्यूबबद्दल मात्र २७ पर्यंत कळवलंत तर मामांना सांगायला सोपं जाईल.

तुमची,
स्नेहल
२२ एप्रिल

ता.क. – टाकीतलं पाणी खाली गेलं असेल तर क्यूब उघडे पडतील. मामांना आज फोन केला होता, त्यांनी उचलला नाही. तुम्ही लॅबकडे गेलात तर एकदा नजर टाकाल का? कोपऱ्यातली दुसरी टाकी, बीए-१५ आणि बीए-२० लिहिलेले.