साडीसोबतची चिठ्ठी

सोलापूर

ती. स्व. काकूंना,
सा. नमस्कार.

चहाला आलात तेव्हा माझ्या आईच्या इरकलीच्या काठावरून हात फिरवत तुम्ही म्हणालात, "माझ्या आईकडे अशीच होती." ते मनात राहिलं, म्हणून ही साडी. आईने हिरवी बाजूला काढली होती, मी मात्र जांभळ्यावर अडून बसले! फॉल-पिको करून घेतलंय, ब्लाउजपीस तसाच ठेवलाय. रंग नाहीच आवडला तर मोकळेपणाने सांगा, दुकानदार बदलून देणार आहे. साखरपुड्याला हीच नेसा असा आग्रह मुळीच नाही.

अजून 'काकू'च म्हणतेय, 'आई' म्हणायला जीभ जरा लाजते. तुमच्याकडून थालीपीठ मात्र शिकायचंय. अमेय त्याचं कौतुक करताना थकत नाही.

काकांना नमस्कार.

आपली,
मृण्मयी