निहालीच्या ध्वनिव्यवस्थेचा अभ्यास: पीएच.डी.साठी विषयप्रस्ताव

अकोट
२० जानेवारी २०२६

प्रति,
आदरणीय मॅडम,
भाषाविज्ञान विभाग, पुणे

सादर नमस्कार.

डिसेंबरात दहा दिवस सोनबर्डीला, निहाली भाषा बोलणाऱ्यांच्या गावात, राहून आले, ते आपल्याला फोनवर सांगितलं होतं. "सगळं लिहून दे, मग बसून बोलू," असं आपण म्हणालात, म्हणून हे पत्र. वऱ्हाडी क्रियापदांचा विषय बाजूला ठेवून निहालीची ध्वनिव्यवस्था हा पीएच.डी.चा विषय म्हणून नोंदवावा, अशी माझी विनंती आहे.

एका शब्दापासून सुरुवात करते. निहालीत पाण्याला 'जोप्पो' म्हणतात. पहिल्या संध्याकाळी चुलीपाशी बसून मी तो शब्द 'जोपो' असा उच्चारला. तिथल्या आजींनी मान हलवली. मी पुन्हा म्हटला, पुन्हा चुकला. तेव्हा त्यांनी पिठाचा हात लुगड्याला पुसला, दोन बोटांनी स्वतःचे ओठ मिटून धरले, जरा थांबल्या आणि मग सोडले. ओठ किती वेळ मिटलेले राहायला हवेत, हे त्यांना नेमकं माहीत होतं. मला ते माझ्या वहीत कसं लिहायचं, हे ठरवता येत नव्हतं. साप म्हणजे 'कोगो', तिथे 'ग' एकेरी. तोंड म्हणजे 'कग्गो', तिथे तो जोडलेला. पक्षी 'पोय्ये'. मग हे द्वित्त निहालीत अर्थभेद करतं, की आधीचा स्वर, शब्दाची लांबी, आघाताची जागा यांतून ते आपोआप येतं? चार शब्दांवरून याचं उत्तर निघत नाही. माझ्या प्रबंधातला पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न हाच असेल.

निहालीवर आजवर जे लिहिलं गेलं, त्याचा बराचसा भर ही भाषा कुठली, यावर राहिला. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६ साली, ती मुंडा भाषांबरोबर मांडली गेली. भट्टाचार्य यांच्या १९५७ च्या क्षेत्रटिपणांमुळे ती वेगळी असल्याचं ठळक झालं. कुइपर यांनी १९६२ मध्ये कोरकू, द्राविडी आणि आर्य भाषांमधून आलेले थर एकेक करून बाजूला काढले, आणि तरीही कुणाशीच नातं न सांगणारे शब्द उरले. आशा मुंडले यांचा शब्दसंग्रह १९९६ मध्ये आला आणि नागराज यांचं वर्णन २०१४ मध्ये. या सगळ्यांच्या खांद्यावरच मी उभी राहणार आहे. पण उगम शोधताना शब्द हा पुरावा ठरतो, आणि ध्वनी हा तो पुरावा लिहून घेण्याचं साधन. मला ध्वनीलाच मध्यभागी ठेवायचं आहे. निहाली कुणाची बहीण, हे माझ्या प्रबंधात ठरणार नाही, आणि ते ठरवण्याचा मोह मी टाळीन.

"कोरकूच का घेत नाहीस, निदान वाङ्मय तरी आहे," असं आपण विचारलं होतंत. कोरकू मला लागणारच आहे. निहाली बोलणारी बरीच माणसं कोरकूही बोलतात, शिवाय हिंदी आणि आपली वऱ्हाडी. कोरकूत खालचा सूर अर्थभेद करतो, हे नॉर्मन झाइड यांनी १९६६ मध्ये दाखवलं. मग कोरकूतून निहालीत आलेल्या शब्दांनी तो सूर सोबत आणला का? आणला असेल, तर तो फक्त त्या शब्दांपुरता राहिला, की खास निहाली शब्दांवरही पसरला? आणि तोच माणूस कोरकू बोलताना सूर पाळतो पण निहाली बोलताना सोडून देतो, असं होतं का? एकाच माणसाच्या तोंडून दोन्ही भाषांतले शब्द ध्वनिमुद्रित केले तर हे मोजता येईल. निहाली बोलणाऱ्या गावांखेरीज दुसरीकडे मला ही संधी मिळणार नाही.

तिसरा प्रश्न छोटा आहे. डोळ्याला 'जिकित' म्हणतात. शेवटचा 'त' सुटतो की जीभ दाताशीच थांबते? मला दोन्ही प्रकारे ऐकू आला, पण फोनवरच्या मुद्रणात मागे कोंबडी ओरडते आहे, म्हणून त्यावर काही बांधणार नाही. स्वरांची लांबी आणि महाप्राण व्यंजनं यांचं कामही याच शब्दयादीतून होईल.

पद्धत अशी ठरवली आहे. साधारण ५०० शब्दांची यादी, प्रत्येक शब्द एकदा सुटा आणि दोनदा एका ठरावीक वाक्यात. बारा जण: सहा बायका, सहा पुरुष, निम्मे पन्नाशीच्या पुढचे, निम्मे तिशीच्या आतले. शब्द शक्यतो वस्तू किंवा चित्र दाखवून घेईन. हिंदीत विचारलं की उत्तरात हिंदीचा हेल येतो, हे मी डिसेंबरात स्वतः ऐकलं. यादीसोबत चार-पाच तास गप्पाही हव्यात, कारण यादी वाचताना माणूस नको तितका नीट बोलतो. मापन प्राट या संगणकप्रणालीत करीन: ओठ-जीभ मिटण्याचा काळ, स्वराची लांबी, सुराची उंची. आधीच्या संशोधकांची ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत, ती जाण्याआधी ऐकीन, म्हणजे लोकांना पुन्हा तेच विचारून दमवायला नको.

वेळेबद्दल एक गोष्ट मी तिथे शिकले. डिसेंबर कापूस वेचणीचा. सकाळी सातनंतर गावात म्हातारी माणसं आणि लहान लेकरंच उरत. संध्याकाळी परतलेल्या बाईला "अजून वीस शब्द सांगा" म्हणणं मला जमलं नाही, आणि जमायलाही नको. म्हणून पहिला मुक्काम होळीनंतर, १० मार्च ते १५ एप्रिल. दुसरा पंधरा दिवसांचा, मेअखेर, पेरणीच्या आधी. तेव्हा शंकास्पद शब्द पुन्हा तपासता येतील. तिसरा पुढच्या वर्षी मार्चमध्ये, कुवरदेवला, दोन गावांच्या बोलण्यात फरक आहे का ते बघायला.

बसणाऱ्या प्रत्येकाला अर्ध्या दिवसाचे ३०० रुपये द्यावेत असं मला वाटतं. मजुरी बुडवून कुणी माझ्यासाठी बसू नये. ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणि डोक्याला लावायचा मायक्रोफोन विभागाकडून मिळावा, अशी विनंती आहे. प्रवास आणि राहणं धरून पहिल्या मुक्कामाचा खर्च ४२,००० रुपयांपर्यंत जाईल. त्यातले १५,००० माझ्या शिष्यवृत्तीतून घालीन.

संमतीबद्दल आपला सल्ला हवा आहे. ही भाषा चोरांची गुप्त बोली असावी, अशी शंका जुन्या लिखाणात घेतली गेली आहे. एका तरुणाने मला विचारलं, "आमच्याबद्दल काय लिहिणार?" तो हे सगळं ऐकून होता. सहीचा कागद पुढे करण्याआधी ग्रामसभेत बसून, मी काय मुद्रित करणार आणि ते कुठे ठेवणार हे सांगावं, असा माझा विचार आहे. कुणी मागाहून "माझा आवाज काढून टाका" म्हटलं तर काढेन. सगळ्या मुद्रणांची एक प्रत मेमरी कार्डावर गावातच राहील. आजींच्या नातवाने ती सांभाळायचं कबूल केलं आहे. संस्थेच्या नीतिसमितीकडे अर्ज करताना तोंडी संमती चालेल का, हे आपण विचाराल का?

माझी उणी बाजूही सांगते. सुराचं विश्लेषण मी फक्त एका सत्रात शिकले आहे. फेब्रुवारीत आपल्याकडे चार-पाच बैठका मिळाल्या, तर कोरकूची जुनी मुद्रणं घेऊन सराव करीन. त्याशिवाय मार्चमध्ये जाण्यात अर्थ नाही, हे मला कळतं.

२ फेब्रुवारीला पुण्यात येते आहे. त्या आठवड्यात आपल्याला कधी सवड आहे, ते कळवावं. डिसेंबरातले ८६ शब्द आणि त्यांचं माझं लेखन सोबत आणीन. 'जोप्पो'च्या पाच आवृत्त्या त्यात आहेत, त्यातली तिसरी आपण ऐकावी असं फार वाटतं.

आपली विद्यार्थिनी,
वैशाली