फोटोतल्या इन्सर्शन सॉर्टचा ड्राय रन

सई,

फोटो मिळाला. त्यातल्या इन्सर्शन सॉर्टचा ड्राय रन आणि कॉम्प्लेक्सिटीचं टिपण तुला जर्नलसाठी हवंय, तेच खाली देते. फळ्यावर ट्यूबलाइट नेमकी चौथ्या ओळीवर चमकलीये आणि फोटो तिरका असल्यामुळे कुठली ओळ किती आत आहे ते कळत नाही. तरी मोठा करून पाहिल्यावर बहुतेक सगळं लागलं. आधी मी काय वाचलं ते तुझ्या वहीशी ताडून बघ, कारण ट्रेस टेबल चुकतं ते बहुतेक वेळा इथेच.

```
INSERTION-SORT(A, n)
1  for i = 2 to n
2      key = A[i]
3      j = i - 1
4      while j > 0 and A[j] > key
5          A[j+1] = A[j]
6          j = j - 1
7      A[j+1] = key
```

खाली कोपऱ्यात सरांनी लिस्ट दिलीये: ३४, १२, ५१, १२, २७, ८. म्हणजे `n` सहा, आणि मोजणी १ पासून, ० पासून नाही.

पहिल्या ओळीतलं अक्षर `i` की `j` याची शंका तिसऱ्या ओळीने मिटते. चौथ्या ओळीत `>` आहे की `>=`, ते त्या चमकेमुळे दिसत नाही. मी `>` धरलंय, का ते पुढे सांगते. आणि सातवी ओळ `while` च्या आत आहे, बाहेर आहे, की `for` च्याही बाहेर? मी ती `while` च्या बाहेर पण `for` च्या आत धरलीये.

लिस्टमध्ये १२ दोनदा आलंय. सरांनी ते मुद्दाम घातलं असणार. आपण पहिल्याला १२अ आणि दुसऱ्याला १२ब म्हणू. किंमत तीच, फक्त कोण कुठे गेलं ते दिसावं म्हणून खूण.

हे झालं टेबल. प्रत्येक रांग म्हणजे `for` ची एक फेरी, आणि शेवटचा रकाना म्हणजे सातवी ओळ झाल्यानंतरची लिस्ट.

| `i` | `key` | `key` शी ताडलेले आकडे, क्रमाने | शेवटी `j` | तुलना | शिफ्ट | लिस्ट |
|---|---|---|---|---|---|---|
| सुरुवात | – | – | – | – | – | ३४, १२अ, ५१, १२ब, २७, ८ |
| २ | १२अ | ३४ | ० | १ | १ | १२अ, ३४, ५१, १२ब, २७, ८ |
| ३ | ५१ | ३४ | २ | १ | ० | १२अ, ३४, ५१, १२ब, २७, ८ |
| ४ | १२ब | ५१, ३४, १२अ | १ | ३ | २ | १२अ, १२ब, ३४, ५१, २७, ८ |
| ५ | २७ | ५१, ३४, १२ब | २ | ३ | २ | १२अ, १२ब, २७, ३४, ५१, ८ |
| ६ | ८ | ५१, ३४, २७, १२ब, १२अ | ० | ५ | ५ | ८, १२अ, १२ब, २७, ३४, ५१ |

एकूण तुलना १३, शिफ्ट १०.

`i = 3` ची रांग बघून "इथे काहीच झालं नाही" म्हणून ती गाळू नकोस. एक तुलना झाली, ती खोटी निघाली, आणि सातव्या ओळीने ५१ परत ५१ च्याच जागी लिहिलं. लिस्ट बदलली नाही, पण काम झालं. पेपर तपासणारा अशी रांग आहे का ते हमखास बघतो.

`i = 4` ची फेरी मात्र सावकाश बघ, कारण घोळ होतो तो इथे. फेरीच्या आतलं असं:

| पायरी | `j` | `A[j] > key`? | लिस्ट |
|---|---|---|---|
| `key = A[4]`, म्हणजे १२ब | ३ | – | १२अ, ३४, ५१, १२ब, २७, ८ |
| ५१ पुढे सरकला | ३ → २ | हो | १२अ, ३४, ५१, ५१, २७, ८ |
| ३४ पुढे सरकला | २ → १ | हो | १२अ, ३४, ३४, ५१, २७, ८ |
| लूप थांबला | १ | नाही | १२अ, ३४, ३४, ५१, २७, ८ |
| `A[2] = key` | १ | – | १२अ, १२ब, ३४, ५१, २७, ८ |

मधल्या ओळींत ५१ दोनदा दिसतो, मग ३४ दोनदा, आणि १२ब कुठेच नाही. पहिल्यांदा करणारी मुलं इथे घाबरतात आणि "दुरुस्ती" म्हणून ५१ आणि १२ ची अदलाबदल दाखवतात. ते बबल सॉर्टचं वागणं. इथे अदलाबदल होतच नाही. १२ब `key` मध्ये सुखरूप आहे, म्हणूनच `A[4]` वर बिनधास्त लिहिता येतं. दुसरी ओळ असते ती यासाठीच.

आता त्या चिन्हाचं. `>` असेल तर १२अ आणि १२ब समोरासमोर आल्यावर "१२ > १२" खोटं ठरतं, लूप थांबतो आणि १२ब हा १२अ च्या मागे बसतो. मूळ लिस्टमध्ये तो मागेच होता, म्हणून हा सॉर्ट स्टेबल. `>=` असतं तर १२अ पण सरकला असता, १२ब पुढे जाऊन बसला असता. तुलना १३ च राहिल्या असत्या, शिफ्ट ११ झाल्या असत्या, आणि छापून आलेलं उत्तर मात्र अक्षरशः तेच दिसलं असतं: ८, १२, १२, २७, ३४, ५१. नुसतं आउटपुट बघून हा फरक कधीच सापडणार नाही. नुसत्या आकड्यांच्या बाबतीत त्याने बिघडत नाही, पण हजेरी क्रमाने लावलेली यादी नंतर मार्कांनुसार लावली तर सारखे मार्क असलेल्यांचा हजेरीचा क्रम उलटतो. वर्गात सर इन्सर्शन सॉर्टला स्टेबल म्हणाले असतील तर फळ्यावर `>` च होतं. तरी एखाद्या मैत्रिणीच्या वहीतही एकदा बघून घे.

सातव्या ओळीच्या इंडेंटची गंमत अशी की ती `while` च्या आत असली तरी उत्तर बरोबरच येतं. प्रत्येक शिफ्टनंतर `key` लगेच मोकळ्या जागी लिहिली जाते, पुढच्या शिफ्टला तिच्यावर दुसरं काही लिहिलं जातं, आणि शेवटी ती योग्य जागीच सापडते. फक्त लिखाण वाढतं. आपल्या लिस्टवर ॲरेमध्ये १० शिफ्ट आणि ५ वेळा `key`, असं १५ वेळा लिहिलं गेलं. आत घेतली तर २० वेळा. पण तीच ओळ `for` च्या बाहेर गेली की सगळं कोसळतं: पहिल्याच फेरीत लिस्ट ३४, ३४, ५१, १२ब, २७, ८ होते आणि पुढच्या फेरीत `key` मध्ये ५१ आल्यावर १२अ कायमचा गेला. त्यामुळे जर्नलमध्ये उतरवताना इंडेंट पट्टी लावून दे, अतिशयोक्ती नाही करत.

कॉम्प्लेक्सिटीचं टिपण जर्नलमध्ये मुलं एका ओळीत संपवतात: "O(n²)". त्याला मार्क मिळतातही, पण ओरलला पुढचा प्रश्न येतोच, म्हणून थोडं सविस्तर.

१० शिफ्ट कुठून आल्या? मूळ लिस्टमध्ये "मोठा आधी, लहान नंतर" अशा जोड्या मोज. ३४ च्या चार (१२अ, १२ब, २७, ८), १२अ ची एक, ५१ च्या तीन, १२ब ची एक, २७ ची एक. बेरीज १०. अशा जोडीला इन्व्हर्जन म्हणतात, आणि एक शिफ्ट नेमकी एकच इन्व्हर्जन मोडते, म्हणून हे दोन आकडे नेहमी जुळतात. टेबल बरोबर आहे का ते तपासायला माझ्या मते यापेक्षा सोपी युक्ती नाही.

तुलना १३ का? प्रत्येक शिफ्टमागे एक, म्हणजे १०, आणि ज्या फेऱ्या `A[j] > key` खोटं ठरल्यामुळे थांबल्या त्यांची एकेक जादा (`i` ३, ४, ५), म्हणजे ३. `i` २ आणि ६ ला `j` शून्य झाला, तिथे `A[j]` कडे बघितलंच जात नाही. कुणी "चौथी ओळ किती वेळा तपासली" असं विचारलं तर उत्तर १५, कारण या दोन वेळाही अट तपासली गेली, फक्त तिचा पहिला भागच खोटा निघाला. त्याच कारणाने `j > 0` आधी लिहायचं. उलट लिहिलं तर `A[0]` वाचायला जाशील, आणि आपल्या मोजणीत ती जागाच नाही.

आता `n` साठी. लिस्ट आधीच लागलेली असेल तर प्रत्येक फेरीत एक तुलना, एकूण `n - 1`, म्हणून बेस्ट केस O(n). उलटी लागलेली आणि सगळे आकडे वेगळे असतील तर

```
1 + 2 + 3 + ... + (n-1) = n(n-1)/2
```

इतक्या तुलना आणि तितक्याच शिफ्ट. सहासाठी १५. आपली १३ त्याच्या बरीच जवळ आहे. पण आपलीच लिस्ट उलटी लावलीस, ५१, ३४, २७, १२, १२, ८, तर तुलना १५ येतात आणि शिफ्ट १४ च, कारण दोन सारख्या आकड्यांची इन्व्हर्जन होत नाही. "तुलना आणि शिफ्ट वर्स्ट केसला समान" हे वाक्य सगळे आकडे वेगळे असतानाच खरं.

ॲव्हरेज केसमध्ये, वेगवेगळे आकडे कसेही मिसळलेले असतील तर इन्व्हर्जन सरासरी निम्म्या, `n(n-1)/4`. निम्मं झालं तरी `n²` जात नाही, म्हणून तेही O(n²). हजार आकड्यांना वर्स्ट केसच्या तुलना ४,९९,५००. दोन हजारांना १९,९९,०००. लिस्ट दुप्पट, काम जवळजवळ चौपट. जागा मात्र `key`, `i`, `j` एवढीच जादा, O(1).

इतकं असूनही हा सॉर्ट टाकाऊ नाही. एकूण काम `n` अधिक इन्व्हर्जनची संख्या एवढंच असल्यामुळे जवळपास लागलेल्या किंवा छोट्या लिस्टवर तो चटकन उरकतो. पायथनसाठी टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेला टिमसॉर्ट छोट्या तुकड्यांसाठी इन्सर्शन सॉर्टच वापरतो, फक्त `key` ची जागा बायनरी सर्चने शोधतो.

ओरलला इथेच एक फसवा प्रश्न असतो: जागा बायनरी सर्चने शोधली तर O(n log n) होईल का? तुलना तेवढ्या होतील. पण जागा सापडली तरी आकडे सरकवावे लागतातच आणि आपल्या लिस्टवर शिफ्ट १० च राहतील, म्हणून वर्स्ट केस O(n²) च.