बचत खात्यावरील आडनाव AHIRE ऐवजी AHER असे दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
पंचवटी शाखा, नाशिक 422003

दिनांक: 17 नोव्हेंबर 2025

संदर्भ: बचत खाते, शेवटचे चार अंक 4417. खातेदार: सुनंदा ज्ञानेश्वर आहेर

स. न. वि. वि.

माझे आपल्या शाखेत 2001 पासून बचत खाते आहे. या खात्यावर माझे नाव सध्या SUNANDA DNYANESHWAR AHIRE असे दिसते. ते SUNANDA DNYANESHWAR AHER असे हवे. पहिले नाव आणि पतीचे नाव बरोबर आहे, चूक फक्त आडनावात आहे.

काउंटरवर मला "एखाद्या अक्षराचा तर फरक आहे" असे सांगण्यात आले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आहेर आणि अहिरे ही एकाच आडनावाची दोन स्पेलिंगे नाहीत, ती दोन वेगळी आडनावे आहेत. आपल्या जिल्ह्यात दोन्ही मुबलक आहेत. देवळा-सटाण्याकडच्या शाळांत मी नोकरीची बरीच वर्षे काढली. तिथे एकाच वर्गाच्या हजेरीपटावर आहेर आणि अहिरे दोन्ही असायचे आणि दाखल्यावर आडनाव चुकले की पालक दुसऱ्या दिवशी दारात उभे असायचे. त्यामुळे ही चूक कशी होते हे मला चांगले कळते. घाईत टाइप करणाऱ्याच्या हातून होऊ शकते, त्याबद्दल माझा कुणावर राग नाही. पण कागदावर सुनंदा अहिरे ही दुसरीच बाई होते आणि आता माझे पैसे त्याच कारणाने अडले आहेत.

चूक केव्हा शिरली तेही सांगता येते. खाते उघडताना मिळालेले पासबुक अजून माझ्याकडे आहे. त्याच्या पहिल्या पानावर शाखेच्या शिक्क्यासह S. D. AHER असे हाताने लिहिलेले आहे. 2008 साली मिळालेल्या दुसऱ्या पासबुकावर AHER असे छापलेले आहे. त्यानंतरचे, 2019 मधले पासबुक बँकेची संगणक प्रणाली बदलल्यावर मिळाले आणि त्यावर पहिल्यांदा AHIRE आले. मधल्या काळात मी नावाबद्दल कोणताही अर्ज दिलेला नाही. तसा अर्ज आपल्या दप्तरात असेल तर मला अवश्य दाखवावा.

इतकी वर्षे हे कुणाच्या लक्षात आले नाही, कारण माझे निवृत्तिवेतन दुसऱ्या बँकेत जमा होते. आपल्याकडचे खाते मुदत ठेवींच्या व्याजासाठी वापरले जाते. व्याज खाते क्रमांकावर जमा होते, तिथे नाव कुणी विचारत नाही.

नाव विचारले गेले ते या वर्षी. माझ्या विमा पॉलिसीची मुदत सप्टेंबरमध्ये संपली. रक्कम 2,40,000 रुपये. विमा कंपनीने खात्याच्या पुराव्यासाठी पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत मागितली, मी ती दिली आणि पॉलिसीवरील नाव व खात्यावरील नाव जुळत नाही म्हणून कागद परत आले. त्यांचे म्हणणे रास्तच आहे. दुरुस्त नावाचा पुरावा त्यांनी 10 डिसेंबरपर्यंत मागितला आहे. दिवाळीत माझी मुलगी पुण्याहून पैसे पाठवत होती. रिझर्व्ह बँकेने आता एनईएफटी आणि आरटीजीएसला ज्याला पैसे पाठवायचे त्याचे नाव आधी पडद्यावर दिसण्याची सोय करायला लावली आहे, ती चांगलीच आहे. तिला पडद्यावर AHIRE दिसले, ती घाबरली आणि तिने व्यवहार थांबवला. क्रमांक चुकला असेल म्हणून मला फोन केला. क्रमांक बरोबर होता.

आता मुख्य मुद्दा. मी शाखेत आले तेव्हा मला सांगण्यात आले की, सिस्टीममध्ये हा "नाव बदल" धरला जातो, म्हणून पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करा आणि राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, नाव बदलल्याची जाहिरात देऊन त्याची प्रत आणा. हे मी करू शकत नाही. खर्चाचा किंवा धावपळीचा प्रश्न नाही. गॅझेटमध्ये जुने नाव आणि नवे नाव अशा दोन रकाने असतात. जुन्या नावाच्या रकान्यात मी अहिरे लिहायचे, म्हणजे मी पूर्वी अहिरे होते असे सरकारी राजपत्रात जाहीर करायचे. मी कधीही अहिरे नव्हते. 1986 साली लग्न झाल्यापासून आहेर आहे आणि त्याआधीचे माझे आडनाव या दोन्हींपैकी नव्हते. जे घडलेच नाही त्याची शपथ घ्यायला मला सांगू नये. शिवाय उद्या तेच गॅझेट पुढे करून माझ्या पॅन, आधार आणि पेन्शनच्या कागदांवर शंका घेतली गेली तर निस्तरायचे कुणी?

माझ्या समजुतीप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र यांचा उल्लेख येतो तो ओळखपत्र मिळाल्यानंतर व्यक्तीचे नाव बदलले असेल त्या प्रसंगासाठी. माझ्या बाबतीत ओळखपत्रावरचे नाव बदललेले नाही, बँकेच्या नोंदीतले बदलले आहे. म्हणून हा अर्ज "नाव बदल" म्हणून न घेता बँकेच्या नोंदीतील टंकलेखनाच्या चुकीची दुरुस्ती म्हणून घ्यावा, ही माझी खरी विनंती आहे.

त्यासाठी लागणारा पुरावा बहुतेक आपल्याच कपाटात आहे. खाते उघडण्याचा मूळ अर्ज काढून पाहावा. त्यात मी चौकटींत मोठ्या लिपीत AHER लिहिले आहे. नमुना सही मराठीत आहे आणि ती "सु. ज्ञा. आहेर" अशी सुवाच्य आहे. इतकी वर्षे प्रत्येक स्लिपवरची माझी सही त्या नमुन्याशी ताडून पाहिली गेली आणि दर वेळी पटली. 2023 मध्ये शाखेने केवायसी अद्ययावत करण्यासाठी आधार आणि पॅनच्या प्रती घेतल्या, त्या दोन्हींवरही AHER आहे. आणखी एक गंमत म्हणजे वारस म्हणून माझ्या यजमानांचे नाव नोंदले आहे, ते DNYANESHWAR NAMDEO AHER असे अचूक आहे. म्हणजे बँकेच्या नोंदीत नवरा आहेर आणि बायको अहिरे. आता हसू येते, पण माझ्या पश्चात त्यांना या खात्यावर दावा करावा लागला तर त्या वयात त्यांनी कुणाकुणाला समजावत फिरायचे?

दुरुस्ती करताना ती फक्त पासबुकावर होऊ नये. माझ्या ग्राहक क्रमांकाच्या, म्हणजे सीआयएफच्या, मूळ नोंदीत व्हावी. बचत खाते आणि माझ्या दोन्ही मुदत ठेवी त्याच ग्राहक क्रमांकाखाली आहेत आणि ठेवींच्या पावत्यांवरही AHIRE छापले गेले आहे. ग्राहकाची नोंद तशीच राहिली तर ठेवीचे नूतनीकरण होताना चुकीचे नाव पुन्हा छापून येईल आणि मी पुन्हा आपल्या टेबलासमोर उभी असेन. बँकेकडून केंद्रीय केवायसी नोंदणीकडे माझी माहिती गेली असल्यास तिथेही दुरुस्त नाव कळवावे. व्याजावरील टीडीएस आणि 15एच अर्जाच्या नोंदी पॅनवरील नावाशी जुळतात का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. त्यानंतर दुरुस्त नावाचे पासबुक, चेकबुक आणि ठेवींच्या नव्या पावत्या मिळाव्यात. खाते क्रमांक मात्र बदलू नये. चुकीचे खाते बंद करून नवे उघडू, असा पर्याय काउंटरवर सुचवला गेला होता, तो मला मान्य नाही. ठेवी मुदतीपूर्वी मोडाव्या लागतील आणि व्याजाचे नुकसान माझे होईल.

हे सगळे व्हायला मंजुरी वरिष्ठ कार्यालयातून यावी लागत असेल आणि 10 डिसेंबरच्या आत ते जमणार नसेल, तर तोपर्यंत शाखेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी एक पत्र द्यावे. त्यात एवढेच असावे: 4417 वर संपणाऱ्या खात्याच्या धारक सुनंदा ज्ञानेश्वर आहेर याच आहेत, AHIRE ही बँकेच्या नोंदीतील चूक आहे आणि ती दुरुस्त केली जात आहे. विमा कंपनीला असे पत्र चालेल, हे मी तिथे विचारून घेतले आहे.

हा अर्ज मी नोंदणीकृत ईमेलवरून पाठवत आहे आणि त्याची सही केलेली प्रत गुरुवारी, 20 तारखेला सकाळी अकराच्या सुमारास शाखेत आणून देईन. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मिळावा. ईमेलमध्ये पूर्ण खाते क्रमांक आणि पूर्ण आधार क्रमांक मुद्दाम दिलेला नाही. आधारची मास्क केलेली, शेवटचे चार अंक दिसणारी प्रत जोडली आहे. मूळ कागद, अगदी 2001 च्या पासबुकासह, सोबत घेऊन येईन. पडताळणी समोरच करावी. जुने पासबुक जमा करून घेऊ नये, कारण ते माझ्याकडचा सर्वांत जुना पुरावा आहे.

गुडघ्यांच्या त्रासामुळे आणि सिंहस्थाच्या कामांनी खणलेल्या रस्त्यांमुळे पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणे मला जमत नाही. आणखी काही कागद हवा असेल तर गुरुवारच्या आधी नोंदवलेल्या मोबाईलवर सांगावे आणि तो कोणत्या नियमाने हवा आहे तेही कळवावे. अर्ज नाकारायचा झाल्यास कारण लेखी द्यावे. बँकेकडून तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते हे मला ठाऊक आहे. इतक्या साध्या कामासाठी तिथे जावे लागू नये, असे मनापासून वाटते. आपल्या शाखेतील कर्मचाऱ्यांनी मला एरवी नेहमीच आदराने वागवले आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
सुनंदा ज्ञानेश्वर आहेर
निवृत्त प्राथमिक शिक्षिका
आडगाव नाका, पंचवटी, नाशिक 422003

सोबत: मास्क केलेले आधार आणि पॅन यांच्या स्वाक्षरीसह प्रती, 2001, 2008 आणि 2019 च्या पासबुकांची पहिली पाने, दोन्ही मुदत ठेव पावत्यांच्या प्रती, निवृत्तिवेतन आदेशाचे नाव असलेले पान, विमा कंपनीचे कागद परत केल्याचे पत्र.